क्षत्रप आणि देवळं: नाईल नदीतल्या एका बेटावरचा पुरावा

प्रश्न: इराणच्या हखामनी साम्राज्याने जिंकलेल्या लोकांना आपापले धर्म पाळू दिले, असं सगळीकडे वाचतो. पण प्रांतांचा कारभार तर क्षत्रपांच्या हातात होता. मग हे प्रत्यक्षात चालायचं कसं? आणि एखाद्या अधिकाऱ्यानेच देऊळ पाडलं, तर लोकांनी जायचं कुणाकडे?

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग मला सर्वात मोलाचा वाटतो, कारण नेमकं हेच एकदा घडलं होतं आणि त्याचे कागद शिल्लक आहेत. इ.स.पू. 410 मध्ये इजिप्तच्या दक्षिण सीमेवर इराणी अधिकाऱ्याच्या हुकमाने यहुदी शिपायांचं देऊळ जमीनदोस्त झालं. त्यांनी अर्ज केले, तीन वर्षं वाट पाहिली, आणि शेवटी उत्तर आलं. ते अर्ज आणि ते उत्तर आपण आज वाचू शकतो. मी गेली कित्येक वर्षं हे अरामी, म्हणजे साम्राज्याच्या कारभाराच्या भाषेतले, कागद शिकवतो आहे, आणि हखामनी सहिष्णुता समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

थोडक्यात उत्तर असं की, ही सहिष्णुता म्हणजे प्रजेचा हक्क नव्हता. ती चालत आलेल्या वहिवाटीला दिलेली मान्यता होती. एखादं देऊळ आधीपासून चालू आहे, तिथले लोक सरकारशी इमानदार आहेत आणि महसूल नीट येतो आहे, एवढं असलं की सरकार मधे पडत नसे. ही वहिवाट सांभाळायची की मोडू द्यायची, हे मात्र क्षत्रपावर आणि त्याच्या हाताखालच्या माणसांवर ठरत असे.

आधी ‘क्षत्रप’ या शब्दाबद्दल. जुन्या फारसीतल्या या शब्दाचा अर्थ ‘राज्य राखणारा’. संस्कृतातलं ‘क्षत्र’ आणि राखणं या अर्थाचा ‘पा’ धातू त्यात तुम्हाला सहज दिसतील, कारण दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाच्या जावयाचे, उषवदाताचे, दानलेख आहेत. त्यातला ‘क्षत्रप’ याच शब्दाचा वारस आहे. नहपानाचा काळ हखामनी साम्राज्य संपल्यानंतर काही शतकांनी येतो, त्यामुळे त्या दोन राजवटी एक समजू नका. पण पदाचं नाव मात्र इराणातून चालत इथवर आलं.

हखामनी क्षत्रप म्हणजे मोठ्या सुभ्याचा सुभेदार. बहुधा राजघराण्यातला किंवा इराणी सरदार घराण्यातला. सुभ्याचा महसूल, फौज, न्याय आणि बादशहाशी पत्रव्यवहार, सगळं त्याच्याकडून जाई. त्याच्या हाताखाली जिल्ह्याचे अधिकारी, किल्ल्यांवरचे फौजदार, न्यायाधीश, खजिनदार आणि कारकून असत. शिवाय अरामी कागदांत ‘गौशक’ नावाचे अधिकारी येतात, म्हणजे ‘कान’. सुभ्यात काय चाललं आहे ते ऐकून वर कळवणारे. फारसीत ‘गोश’ म्हणजे कान, आणि आपला ‘गोषवारा’ त्याच ‘गोश’वरून आला आहे. पुढे हे ‘कान’ आपल्या गोष्टीत येणार आहेत.

आता बेटावर चला. नाईल नदीच्या पहिल्या धबधब्यापाशी, आजच्या आस्वानसमोर, एलेफंटाइन नावाचं लहानसं बेट आहे. अरामी कागदांत त्याचं नाव यब, आणि समोरच्या काठावरचं गाव स्वेन. इजिप्तची दक्षिण सरहद्द इथेच असल्याने इथे कायमची शिबंदी होती. तीत यहुदी शिपाई पिढ्यान्‌पिढ्या राहत. ते तुकड्यांत विभागलेले होते, त्यांना सरकारी कोठारातून धान्य आणि खजिन्यातून चांदी मिळे. त्यांची बायकामुलं, घरंदारं तिथेच. आणि त्यांचं स्वतःचं एक देऊळ होतं, त्यांच्या ‘याहो’ या देवाचं. हे जेरुसलेममधलं देऊळ नव्हे, बेटावरचं.

त्याच बेटावर त्याहून कितीतरी जुनं, मोठं देऊळ होतं ते खनूम या इजिप्शियन देवाचं. खनूमचं रूप मेंढ्याचं. दोन्ही देवळं एकमेकांपासून काही पावलांवर होती. अनन्या नावाच्या एका यहुद्याची घराची कागदपत्रं मिळाली आहेत. तो याहोच्या देवळात सेवेकरी होता आणि त्याची बायको इजिप्शियन होती, आधी दुसऱ्याच्या घरातली दासी. त्याच्या घराच्या चतुःसीमा वाचल्या की वस्ती डोळ्यांसमोर येते. एका अंगाला रस्ता आणि रस्त्यापलीकडे याहोचं देऊळ. शेजारी खनूमच्या बागेचा माळी, आणि आणखी एक शेजारी धबधब्याच्या खळाळत्या पाण्यातला नावाडी. अनन्याने हे घर ज्याच्याकडून विकत घेतलं तो कॅस्पियन समुद्राकडून आलेल्या शिपायांपैकी होता. आपण ‘साम्राज्यातली सहिष्णुता’ असा मोठा शब्द वापरतो, पण ती रोज जगली जायची ती अशा एका अरुंद गल्लीत.

या वस्तीतलं आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. मिबटह्या नावाच्या यहुदी बाईचा एका इजिप्शियन माणसाशी मालमत्तेवरून वाद झाला. इ.स.पू. 440 मधल्या कागदानुसार तिने आपल्या बाजूने सती या देवीची शपथ घेतली आणि वाद मिटला. ही आपली सती नव्हे. ती त्या धबधब्याची इजिप्शियन देवी, खनूमची सहचारिणी. यहुदी बाईने इजिप्शियन देवीची शपथ घ्यावी, अरामी भाषेत ती नोंदवली जावी आणि इराणी अमलात ती कायदेशीर ठरावी, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. न्यायाला शपथ हवी होती. ती कोणत्या देवाची, हा पक्षकारांचा प्रश्न होता.

मग सरकार देवळांच्या कारभारात अजिबात लक्ष घालत नव्हतं का? घालत होतं, आणि तेही याच बेटावर दिसतं. इ.स.पू. 492 मध्ये, दारियस पहिल्याच्या काळात, इजिप्तचा क्षत्रप फेरेंदातेस याने खनूमच्या पुजाऱ्यांना लिहिलेलं पत्र मिळालं आहे. मूळ पत्र इजिप्तच्या डेमोटिक लिपीत आहे. विषय आहे देवळाचा मुख्य कारभारी नेमण्याचा. पूजा करणारा माणूस वेगळा, हा हिशेब आणि उत्पन्न बघणारा. क्षत्रप म्हणतो की, बादशहाच्या हुकमात बसेल असाच माणूस नेमा. आधी पुढे केलेल्यांपैकी एकजण पळून गेला होता आणि त्याचा शोध घ्यावा लागला, दुसरा कुणाचातरी नोकर होता, आणि असे लोक चालणार नाहीत. इकडे पुजाऱ्यांचंही एक पत्र आहे, त्यात ते आपण नेमलेल्या कारभाऱ्याचं नाव क्षत्रपाला कळवतात.

या पत्रव्यवहारात खनूमची पूजा कशी करावी, नैवेद्य काय दाखवावा, याबद्दल एक अक्षर नाही. पण देवळाच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला असणार तो माणूस क्षत्रपाच्या नजरेखालून गेला पाहिजे. देवळं म्हणजे जमिनी, गुरं, धान्याची कोठारं आणि कारागीर. सरकारला त्यांच्या देवाशी कर्तव्य नव्हतं, त्यांच्या कोठाराशी होतं. इजिप्त जिंकल्यावर हखामनी बादशहा कॅम्बायसिसने बहुतेक देवळांचं सरकारी उत्पन्न कमी केलं, असं एका नंतरच्या डेमोटिक कागदात नोंदलेलं आहे. त्याच्याबद्दल पुढे इतक्या वाईट गोष्टी सांगितल्या गेल्या त्यामागे देवळांचं हे बुडालेलं उत्पन्न असावं, असं मला वाटतं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिलं की त्याने एपिसचा पवित्र बैल मारला. पण इ.स.पू. 524 मध्ये मेलेल्या एपिसचं दफन कॅम्बायसिसच्याच नावाने रीतसर झाल्याचा शिलालेख साक्कारात सापडला आहे.

आता मुख्य प्रकरणाकडे. इ.स.पू. 419 मध्ये, दारियस दुसऱ्याच्या पाचव्या वर्षी, हनन्या नावाच्या एका यहुदी माणसाने यबच्या यहुद्यांना पत्र लिहिलं. पुढारी यदन्या याच्या नावाने ते आहे. कागद फाटका आहे, पण बादशहाकडून क्षत्रप आर्शाम याला काहीतरी कळवण्यात आल्याचं त्यात वाचता येतं, आणि पुढे बेखमीर भाकरीच्या सणाच्या तारखा व पथ्यं येतात. म्हणजे एका दूरच्या सरहद्दीवरच्या शिबंदीचा सण बादशाही कागदावर आला होता. वाचताना आपल्याला हे उदारपणाचं शिखर वाटतं. पण याच काळातल्या दुसऱ्या एका पत्रात एक वाक्य आहे. हनन्या इजिप्तमध्ये आला तेव्हापासून आजवर खनूमचे लोक आपल्या विरोधात आहेत, अशा अर्थाचं. एका समाजाला वरून मिळालेलं पत्र शेजाऱ्याच्या डोळ्यात खुपलं, असाच याचा अर्थ मला लागतो. सण कोकराच्या बळीशी जोडलेला, आणि शेजारचा देव मेंढ्याच्या रूपातला. हे एकच कारण होतं असं म्हणता येणार नाही, पण ते नजरेआड करण्यासारखंही नाही.

इ.स.पू. 410 च्या उन्हाळ्यात, तम्मूज महिन्यात, क्षत्रप आर्शाम इजिप्त सोडून बादशहाकडे गेला. या एका वाक्यापासून अर्जातली सगळी हकीकत सुरू होते. त्या जिल्ह्याचा अधिकारी विद्रंग होता, नावावरून इराणी. खनूमच्या पुजाऱ्यांनी त्याच्याशी संधान बांधलं. एका कागदात त्यांनी त्याला चांदी आणि माल दिल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. विद्रंगाचा मुलगा नाफैन स्वेनच्या फौजेचा प्रमुख होता. बापाने मुलाला चिठ्ठी पाठवली की, यबच्या किल्ल्यातलं याहोचं देऊळ पाडा. नाफैन इजिप्शियन लोक आणि इतर शिपाई घेऊन हत्यारांनिशी आला. त्यांनी दगडी खांब मोडले, घडीव दगडांचे पाच दरवाजे पाडले, त्या दरवाजांच्या पितळी बिजागऱ्यांचाही अर्जात उल्लेख आहे. देवदाराच्या लाकडाचं छप्पर जाळलं. सोन्याचांदीची भांडी नेली.

त्याच वेळचा दुसरा एक मसुदा आहे, आणि तो मला अर्जाहूनही जास्त शिकवून जातो. त्यात देवळाबद्दलची तक्रार आहेच, पण सुरुवात वेगळी आहे. इजिप्शियन तुकड्यांनी बंड केलं तेव्हा आम्ही आमची जागा सोडली नाही, आमच्यात काही खोट सापडली नाही. मग येतं की पुजाऱ्यांनी बादशहाच्या धान्यकोठाराचा काही भाग पाडला आणि किल्ल्याच्या मधोमध भिंत घातली. शिपायांना पाणी देणारी विहीर बुजवली. आणि मग हे: दक्षिण प्रांतात नेमलेल्या न्यायाधीशांकडून, पोलिसांकडून आणि ‘कानां’कडून चौकशी झाली, तर आम्ही म्हणतो ते खरं असल्याचं कळेल.

अर्ज लिहिणाऱ्याची हुशारी बघा. ‘आमचा धर्म बुडाला’ हे त्याला माहीत आहे, पण सरकारला ते पुरेसं नाही हेही त्याला माहीत आहे. म्हणून तो बादशहाचं कोठार, बादशहाच्या शिपायांची विहीर आणि बादशहाचेच ‘कान’ पुढे आणतो. आपल्याकडच्या जुन्या वतनांच्या तंट्यांचे कागद ज्यांनी चाळले आहेत त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. आपलं गाऱ्हाणं सरकारच्या नुकसानीत गुंडाळून मांडायचं.

आणि तरीही काही झालं नाही. यहुद्यांनी यहुदा प्रांताचा सुभेदार बगोही, जेरुसलेमचा मुख्य पुजारी योहानान आणि तिथल्या प्रतिष्ठितांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तम्मूजपासून ते गोणपाट नेसून उपास करत होते, अंगाला तेल लावत नव्हते, दारू पीत नव्हते, ‘आमच्या बायका विधवांसारख्या झाल्या आहेत’ असं ते लिहितात. तीन वर्षं गेली.

इ.स.पू. 407 च्या नोव्हेंबरात, दारियसच्या सतराव्या वर्षी, त्यांनी बगोहीला पुन्हा लिहिलं. या अर्जाच्या दोन प्रती बेटावर सापडल्या, दोहोंच्या शब्दांत थोडा फरक आहे, म्हणजे लिहिणारा वाक्यं घासूनपुसून घेत होता. बगोहीला बादशहापुढे आत्तापेक्षा हजारपट मान मिळो, अशी सुरुवात. मग घडलेली हकीकत. मग अर्जाचा कणा, जो तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे: हे देऊळ आमच्या वाडवडिलांनी इजिप्तच्या राजांच्या काळात बांधलं. कॅम्बायसिस इजिप्तमध्ये आला तेव्हा त्याला हे देऊळ उभं दिसलं. इजिप्तच्या देवांची देवळं पाडली गेली, पण या देवळाला कुणी धक्का लावला नाही.

इजिप्तची सगळी देवळं पाडली गेली हे अतिशयोक्त आहे. पण युक्तिवाद अचूक आहे. ‘प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचा अधिकार आहे’ असं ते म्हणत नाहीत, आणि तसं म्हणण्याजोगा कायदाही नव्हता. ते म्हणतात, तुमच्याच घराण्याच्या विजेत्याने हे देऊळ पाहिलं आणि राहू दिलं. म्हणजे वहिवाट इ.स.पू. 525 पासून मान्य आहे, आणि मोडणारा विद्रंग आहे.

पुढे एक छोटं वाक्य येतं: ‘हे सगळं आमच्याशी झालं त्याची आर्शामला काहीच कल्पना नव्हती.’ मी विद्यार्थ्यांना या वाक्यावर थांबवतो. तीन वर्षांत क्षत्रपाला कळलं नसेल, हे पटणं कठीण आहे. पण अर्जदारांना शेवटी आर्शामच्याच दारात जायचं आहे. त्याच्यावर ठपका ठेवला तर दार बंद. म्हणून सगळा दोष विद्रंगाकडे, आणि क्षत्रपाला सुटकेची वाट मोकळी. शेवटी विनंती की, इजिप्तमधल्या तुमच्या मित्रांना एक पत्र द्या, देऊळ पुन्हा बांधू द्या, मग तुमच्या नावाने धान्याचा नैवेद्य, धूप आणि होमबळी आम्ही देऊ, आणि आम्ही, आमच्या बायका, मुलं सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करू. सोन्याबद्दलही आम्ही कळवलं आहे, असं एक वाक्य जाता जाता येतं. त्याचा अर्थ तुम्ही लावू शकता. त्याच वेळी त्यांनी यहुदाच्या उत्तरेकडच्या शोमरोनच्या सुभेदाराच्या, सनबल्लटच्या, मुलांना, दलाया आणि शलेम्या यांनाही लिहिलं. एका दाराने उत्तर दिलं नाही, तर दुसरं.

यहुदाचा सुभेदार इजिप्तच्या क्षत्रपाला हुकूम देऊ शकत नव्हता. दोघे वेगळ्या सुभ्यातले होते, आणि आर्शाम बगोहीपेक्षा कितीतरी मोठा माणूस होता. मग अर्ज तिकडे का? कारण क्षत्रपापुढे यहुदी शिपायांपेक्षा इराणी दरबारात ओळखल्या जाणाऱ्या माणसाची शिफारस अधिक वजनदार होती. हाच त्या राज्यकारभाराचा खरा रस्ता. कायद्याच्या कलमाने दाद मागायची सोय नव्हती, ओळखीच्या आणि वहिवाटीच्या वाटेने ती मागावी लागे.

उत्तर आलं. पत्र आलं नाही, तर टाचण आलं. निरोप्याने इजिप्तमध्ये आर्शामपुढे काय बोलायचं त्याची मोजक्या ओळींची नोंद. बगोही आणि दलाया यांनी मला सांगितलं, असं म्हणून ते सुरू होतं. मजकूर असा: आकाशाच्या देवाचं यबमधलं बळीवेदीचं घर, जे कॅम्बायसिसच्या आधीपासून बांधलेलं होतं, जे त्या दुष्ट विद्रंगाने दारियसच्या चौदाव्या वर्षी पाडलं, ते त्याच जागी पूर्वी होतं तसं बांधावं, आणि त्या वेदीवर पूर्वी होई तसा धान्याचा नैवेद्य आणि धूप अर्पण करावा.

‘त्याच जागी’, ‘पूर्वी होतं तसं’, ‘पूर्वी होई तसा’. सरकारने वहिवाट मान्य केली. पण अर्जात तीन गोष्टी होत्या: नैवेद्य, धूप आणि होमबळी. टाचणात दोनच आहेत. जनावराचा बळी गळला आहे, आणि तोही ‘पूर्वीप्रमाणे’ म्हणत म्हणत.

ही गळती चुकून झाली नव्हती, हे त्यानंतरच्या एका कागदावरून दिसतं. यदन्या आणि आणखी चार जण, यबमध्ये मालमत्ता असलेली माणसं, एका वरिष्ठाला लिहितात: देऊळ बांधायला परवानगी मिळाली, तर मेंढी, बैल, बकरा यांचा होमबळी तिथे दिला जाणार नाही, फक्त धूप आणि नैवेद्य. आणि मालकांच्या घरी चांदी आणि हजार अर्दब जव देऊ. अर्दब हे धान्याचं इराणी माप. म्हणजे परवानगीला अटही होती आणि किंमतही.

जनावर का वगळलं? अभ्यासकांची तीन मतं आहेत. एक म्हणजे जेरुसलेमच्या पुजाऱ्यांना बळी फक्त आपल्याच देवळात हवा होता. दुसरं, इराणी लोकांच्या दृष्टीने अग्नी पवित्र, त्यात मृत मांस जाळणं त्यांना अमंगळ वाटे. तिसरं, शेजारी मेंढ्याच्या रूपातला खनूम असताना मेंढे कापले जाऊ नयेत म्हणजे बेटावर शांतता राहील. मला तिसरं अधिक पटतं. अग्नीचा मुद्दा असता तर इतर प्रांतांतले होमबळीही बंद झाले असते, आणि ते झाल्याचं दिसत नाही. शिवाय आर्शामसारख्या सुभेदाराला बंडाच्या वाऱ्यात सरहद्दीवरचे शिपाई आणि तिथला बडा पुजारीवर्ग, दोघेही शांत हवे होते. एकाला देऊळ परत, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर मेंढ्याचा बळी नाही. जेरुसलेमही या तोडग्यावर नाराज होणार नव्हतं.

या आर्शामची चामड्यावर लिहिलेली पत्रं सध्या ऑक्सफर्डमध्ये आहेत. त्यातलं एक त्याच्या जहागिरीचा कारभारी नख्तहोर याचं प्रवासपत्र आहे. मेसोपोटेमियातून दमास्कसमार्गे इजिप्तकडे जाताना वाटेवरच्या प्रत्येक ठाण्याने त्याला रोज किती पीठ, किती दारू, एक मेंढी, आणि त्याच्या नोकरांना व घोड्यांना किती द्यायचं ते ठरवून दिलेलं आहे. आणि एका ठिकाणी एका दिवसापेक्षा जास्त थांबला, तर जादा शिधा देऊ नये, अशी तंबी आहे. मेंढीचासुद्धा हिशेब ठेवणारा हा माणूस. विद्रंगाने केलं ते त्याच्या पाठीमागे झालं आणि त्याच्या हिशेबात बसलं नाही, असं मला वाटतं. विद्रंगाचं पुढे काय झालं? अर्जात त्याच्याबद्दल कुत्रे, पायातली कडी, बुडालेली मालमत्ता असं एक वाक्य आहे, पण ते घडलेल्या शिक्षेचं वर्णन आहे की शापाची इच्छा, यावर व्याकरणाच्या अंगाने अजून वाद चालू आहे.

आता ही एक गोष्ट साऱ्या साम्राज्याला लावताना कुठे जपायचं तेही सांगतो. लोक सहसा साम्राज्याचा संस्थापक सायरस याच्या मातीच्या दंडगोलापासून सुरुवात करतात. 2013-14 च्या हिवाळ्यात तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आला होता, तेव्हा अनेक मराठी वाचकांनी तो पाहिलाही असेल. त्यात सायरस म्हणतो की, बाबिलोनचा देव मर्दुक याने मला निवडलं, आणि मी देवांच्या मूर्ती त्यांच्या जागी परत नेल्या. त्याला ‘मानवी हक्कांची पहिली सनद’ म्हणणं मला पटत नाही. बाबिलोनचा नवा राजा तिथल्या देवाच्या नावाने, तिथल्याच जुन्या राजांच्या भाषेत बोलतो आहे. यहुद्यांचं नावही त्यात नाही. पण ते खोटं आहे असंही नाही. राजा ज्या देशात बसला त्या देशाच्या देवाचा सेवक म्हणून तो बोलतो, ही रीत पुढेही चालली. पर्सेपोलिसच्या किल्ल्यातल्या एलामी पाट्यांत, म्हणजे खुद्द इराणच्या घरच्या हिशेबात, अहुरमज्दाबरोबर हुंबान या जुन्या एलामी देवाच्या पूजेलाही सरकारी धान्य आणि दारू दिल्याच्या नोंदी आहेत, आणि हुंबानच्या वाट्याला अधिक धान्य गेलेलं दिसतं.

आणि जिथे बंड झालं तिथे देऊळ वाचलं नाही. आयोनियातल्या बंडानंतर, इ.स.पू. 494 च्या सुमारास, मिलेटसजवळचं दिदिमाचं अपोलोचं देऊळ जाळलं गेलं. इ.स.पू. 480 मध्ये झर्क्झीसने अथेन्सच्या टेकडीवरची देवळं जाळली. त्याच झर्क्झीसच्या एका शिलालेखात ‘दैवां’चं, म्हणजे त्याच्या लेखी खोट्या देवांचं, ठाणं मी नष्ट केलं, असं वाक्य आहे. तो देश कोणता, हे तो सांगत नाही. हे वाचून काहीजण म्हणतात, झर्क्झीसने धोरण बदललं. मला तसं वाटत नाही. धोरण तेच होतं: इमानदार असाल तर वहिवाट राहील. यबच्या लोकांनी आपल्या मसुद्यात सुरुवातीलाच ‘आम्ही आमची जागा सोडली नाही’ असं लिहिलं, ते उगाच नव्हे.

तुम्ही स्वतः हे तपासायला बसलात तर एक पथ्य पाळा. राजाच्या घोषणेवरून सहिष्णुता मोजू नका. खाली या. देवळाचा कारभारी कुणाच्या संमतीने नेमला गेला, पाडलेल्या भिंतीची तक्रार कुणाकडे गेली, परवानगीच्या कागदात कोणता शब्द गळला, हे बघा. यबचे लोक स्वतः काय मानत होते तेही त्यांच्याच यादीत दिसतं. देवासाठी माणशी दोन शेकेल चांदी जमवली त्याची लांबलचक नोंद आहे, यदन्याच्या हाती जमा झालेली. शेवटी वाटणी लिहिली आहे: याहोला काही, आणि एशमबेथेल व अनतबेथेल या दोन देवतांनाही बरंच काही. जेरुसलेमच्या पुजाऱ्याला हे पाहून काय वाटलं असतं ते सांगायला नको. इराणी अधिकाऱ्याला मात्र त्याने काही फरक पडला नाही.

मग देऊळ पुन्हा उभं राहिलं का? त्याचं उत्तरही अनन्याच्या घराच्या कागदांतच आहे. इ.स.पू. 404 मध्ये इजिप्तच्या उत्तर भागात अमिर्तायोसने बंड करून स्वतःला राजा केलं, पण यबवर अजून हखामनी बादशहा अर्तक्षत्र दुसऱ्याच्या नावाने तारखा पडत होत्या. त्याच्या चौथ्या वर्षी, इ.स.पू. 402 मध्ये, म्हाताऱ्या अनन्याने आपलं घर जावयाला तेरा शेकेलला विकलं. चतुःसीमा नेहमीप्रमाणे लिहिल्या. एका अंगाला इजिप्शियनांनी बांधलेली भिंत, ‘म्हणजे देवाची वाट’, आणि तो देव खनूम. दुसऱ्या अंगाला रस्ता, आणि त्यापलीकडे याहोचं देऊळ.